लोमेची माफी आणि दहा महिन्यांची शांतता

"लढाई संपली की झालं गेलं विसरायचं आणि दोन्हीकडच्या सगळ्यांना सरसकट माफी द्यायची. मंडेलांनी दक्षिण आफ्रिकेत हेच केलं. आंतरराष्ट्रीय कायदाही हेच सांगतो. खटले भरले तर शांतता कधीच येत नाही. पटलं तर पुढे पाठवा."

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता भूपती आणि त्याच्या 60 सहकाऱ्यांनी गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, त्या आठवड्यात हा मजकूर आमच्या गावच्या ग्रुपवर चारदा आला. पाठवणारे भाऊ चांगल्या मनाचे आहेत, जंगलातली गोळीबारी थांबावी एवढीच त्यांची इच्छा. पण आमच्याच ओळीत एक काकू राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाला रात्री घरातून उठवून नेलं, खबऱ्या ठरवलं, आणि सकाळी तो रस्त्याच्या कडेला सापडला. नातवानं त्यांना हा मजकूर वाचून दाखवला तेव्हा मी तिथं धानाच्या पेंढ्यांवर बसलो होतो. काकू म्हणाल्या, "माफी द्या का नका देऊ, माह्या पोराले काहून मारलं थे त कोनी सांगा." त्या वाक्यामुळे हे लिहायला बसलो.

आधी दक्षिण आफ्रिका. तिथं सरसकट माफी झालीच नाही. 1995 च्या कायद्यानं सत्य आणि समेट आयोग नेमला, डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष. त्यात माफीसाठी वेगळी समिती होती आणि माफी माणसागणिक, कृत्यागणिक मागावी लागे. कृत्य 1 मार्च 1960 ते 10 मे 1994 या काळातलं हवं, त्यामागे राजकीय हेतू हवा, आणि सगळ्यात अवघड अट म्हणजे जे केलं ते पूर्ण सांगायला हवं. गंभीर अत्याचार असेल तर सुनावणी उघड, पीडितांच्या समोर. सात हजारांवर अर्ज आले. माफी मिळाली 849 जणांना, नाकारली गेली 5,392 जणांना. नाकारलेल्यांत साध्या चोरी-दरोड्यातले बरेच कैदी होते हे खरं, पण वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिकोंच्या कोठडीतल्या मृत्यूतले पोलीसही होते आणि त्याच लढ्यातले नेते क्रिस हानी यांचे मारेकरीही होते. हानींच्या मारेकऱ्यांनी पूर्ण सत्य सांगितलं नाही, असं समितीनं म्हटलं, आणि ते तुरुंगातच राहिले.

पूर्ण सांगणं म्हणजे काय, ते जुलै 1997 च्या केपटाऊनमधल्या एका सुनावणीत दिसलं. जेफ्री बेन्झियन हा सुरक्षा पोलीस माफी मागायला आला होता. त्यानं कधीकाळी छळलेले टोनी येंगेनी तोवर खासदार झाले होते. त्यांनी त्याला सांगितलं, श्वास कोंडणारा तो ओल्या पिशवीचा प्रकार करून दाखव. एक माणूस जमिनीवर पालथा झोपला, बेन्झियन त्याच्या पाठीवर बसला आणि त्याच्या डोक्यावरून कापडी पिशवी ओढून दाखवली. सगळ्या देशानं ते पाहिलं. पुढे त्याला माफी मिळाली, आणि ती मिळायला नको होती असं म्हणणारेही कमी नाहीत. पण त्या माफीची किंमत त्याला सगळ्यांसमोर मोजावी लागली. "झालं गेलं विसरायचं" याच्या अगदी उलटी ही व्यवस्था होती. आमच्या काकू जे मागतात, तेच तिथं माफीची अट होतं.

आता कायद्याची गोष्ट. भाऊंनी हे अगदी हवेतून काढलेलं नाही. जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या दुसऱ्या प्रोटोकॉलच्या कलम 6 च्या पाचव्या परिच्छेदात लिहिलंय की देशांतर्गत लढाई संपल्यावर सत्तेवर असलेल्यांनी लढाईत भाग घेतलेल्यांना शक्य तेवढी व्यापक माफी देण्याचा प्रयत्न करावा. बंदूक हाती घेतली, सरकारविरुद्ध उठाव केला, एवढ्यासाठी कोणाला फासावर चढवू नये, म्हणजे लोक घरी परततील, हा त्याचा हेतू. पण निःशस्त्र गावकऱ्याला मारणं म्हणजे लढाईत भाग घेणं नव्हे. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं रूढ युद्धनियमांचं जे संकलन केलं, त्यातल्या 159 व्या नियमात हीच माफी आहे, आणि युद्धगुन्ह्यांचे संशयित, आरोपी आणि शिक्षा झालेले तिथं स्पष्टपणे वगळले आहेत.

दुसरीकडे काही करार देशांवर खटल्याचं किंवा शिक्षेचं बंधनच घालतात. 1948 चा वंशसंहारविरोधी करार, 1949 च्या जिनिव्हा करारांतली दोन देशांमधल्या युद्धातल्या गंभीर उल्लंघनांची कलमं, 1984 चा छळविरोधी करार. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की "माफी देऊ नका" असं सरळ शब्दांत लिहिलेला जागतिक करार एकही नाही, आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कायद्यातही माफीबद्दल एक अक्षर नाही. म्हणून वाद शिल्लक राहतो. पण उठावाला माफी चालते आणि कत्तलीला देताना देश स्वतःच्याच सहीविरुद्ध जाऊ शकतो, एवढी रेघ बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

ही रेघ ओलांडली की काय होतं, ते सिएरा लिओननं भोगलंय, आणि आपल्या जवानांनीही त्याची झळ सोसली आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या या छोट्या देशात मार्च 1991 मध्ये बंड सुरू झालं. बंडखोरांचा म्होरक्या फोडे संको, पाठीशी शेजारच्या लायबेरियातला चार्ल्स टेलर, आणि पैसा हिऱ्यांचा. गावकऱ्यांचे हात तोडणं ही त्या बंडखोरांची खूण झाली होती. संको नायजेरियात पकडला गेला, पुढे त्याच्याच देशात त्याला देशद्रोहाखाली फाशी सुनावली गेली. पण जानेवारी 1999 मध्ये बंडखोर राजधानी फ्रीटाउनमध्ये घुसले, तेव्हा अध्यक्ष कब्बा यांच्यापुढे वाटाघाटीशिवाय फारसा मार्ग उरला नाही.

7 जुलै 1999 ला टोगोच्या लोमे शहरात करार झाला. त्याच्या नवव्या कलमानं संकोला संपूर्ण, बिनशर्त माफी दिली, आणि सह्या होईपर्यंत लढणाऱ्यांनी जे काही केलं त्या सगळ्यालाही. एवढ्यावर थांबले नाहीत. संकोला खनिज संपत्ती सांभाळणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद दिलं, दर्जा उपराष्ट्राध्यक्षाचा. म्हणजे ज्या हिऱ्यांवर युद्ध चाललं, त्यांच्याच चाव्या त्याच्या हाती. सही करताना संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधीनं आपल्या सहीशेजारी हातानं एक वाक्य लिहिलं: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना ही माफी लागू होते असं आम्ही मानत नाही. त्या वेळी ते कोणाच्या फारसं डोळ्यांत भरलं नाही.

शांतता टिकली दहा महिने. मे 2000 मध्ये संकोच्या माणसांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुमारे 500 शांतिसैनिकांना ओलीस धरलं. 8 मे रोजी त्याच्या घरासमोर निदर्शनं करणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. कैलाहूनमध्ये आपल्या गोरखा रायफल्सच्या दोन कंपन्या अडकल्या. त्यांना अडीच महिन्यांनी, जुलैत, ऑपरेशन खुकरीनं सोडवलं. त्या शांतिसेनेचे प्रमुखही आपलेच मेजर जनरल जेटली होते. माफीनं संकोला एकच गोष्ट शिकवली, की हात तोडले तरी पद मिळतं.

मग त्याच कब्बांनी जून 2000 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला पत्र लिहून न्यायालय मागितलं. ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेनं 1315 क्रमांकाच्या ठरावात ते हाती लिहिलेलं वाक्य आठवणीनं नोंदवलं. माफी कायद्यासमोर टिकेल का, हा प्रश्न या मागणीतून सिएरा लिओनसाठी उभ्या राहिलेल्या विशेष न्यायालयाच्याच अपील कक्षात गेला. 13 मार्च 2004 ला निकाल आला: एखादा देश आपल्या हद्दीत माफी देऊ शकतो, पण ती माफी आंतरराष्ट्रीय न्यायालयाला बांधत नाही, आणि ज्या गुन्ह्यांवर जगातला कोणताही देश खटला चालवू शकतो तिथं दुसऱ्या देशालाही बांधत नाही. लोमेतला माफीचा कागद त्या न्यायालयाच्या दारात निरुपयोगी ठरला.

खटल्यांमुळे शस्त्रं खाली ठेवली जात नाहीत, या मुद्द्याची उलटतपासणी इथंच होते. विशेष न्यायालयाच्या करारावर सही झाली 16 जानेवारी 2002 ला. युद्ध संपल्याची घोषणा झाली 18 जानेवारीला. दोन दिवसांचं अंतर. न्यायालय येणार हे दीड वर्ष सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याच काळात हजारो लढवय्यांनी बंदुका जमा केल्या. हे श्रेय एकट्या न्यायालयाचं नाही. ब्रिटिश फौज उतरली, शांतिसेना वाढली, टेलरची रसद आटली. पण खटल्यांनी शांतता अडवली असं म्हणायला जागाच उरत नाही.

याचं मोठं कारण म्हणजे न्यायालयानं जाळं टाकलं ते नेमक्या माशांसाठी. नियमच असा होता की सर्वाधिक जबाबदारी ज्यांच्यावर, त्यांच्यावरच खटला. आरोप ठेवले गेले एकूण 13 जणांवर. त्यात सरकारच्या बाजूनं लढणाऱ्या कामाजोर दलाचे म्होरकेही होते. संको खटला संपण्याआधीच 2003 मध्ये कोठडीत मेला. शेवटी दोषी ठरले 9, आणि त्यांत चार्ल्स टेलरला 50 वर्षांची शिक्षा झाली. बाकी हजारो साधे लढवय्ये, ज्यांतले कित्येक पळवून नेलेली पोरं होती, त्यांच्यावर कोणी खटला भरला नाही. त्यांच्यासाठी शेजारीच वेगळा सत्यशोधन आयोग बसला होता. दोन्ही एकत्र चालवताना खटके उडालेच: हिंगा नॉर्मन या आरोपीला आयोगापुढे जाहीर साक्ष द्यायची होती, न्यायालयानं ती दिली जाऊ दिली नाही, आणि लोकांना वाटू लागलं की आयोगात बोललं तर न्यायालय पकडेल. अशा भीतीनं माणसं गप्प राहतात, हे आम्हा गावकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून भाऊ, तुमचा अर्धा मुद्दा मी मान्य करतो. हुकूम पाळणाऱ्या सतराअठरा वर्षांच्या पोराला आयुष्यभर तुरुंगात सडवू नका, हे मलाही पटतं. ज्यानं रात्री यादी काढून माणसं मारायचा हुकूम दिला, त्याला त्याच वाक्यात बसवू नका.

आणखी एक गल्लत ग्रुपवर रोज होते. आपल्याकडचं आत्मसमर्पण म्हणजे माफी नाही. पुनर्वसनाचे पैसे, घर, काम मिळतं, पण दाखल गुन्हे आपोआप जात नाहीत. सरकारी वकिलाला खटला मागे घ्यायचा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 प्रमाणे न्यायालयाची संमती लागते. भारतानं तो 1977 चा दुसरा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही आणि छळविरोधी करारावर सही केली असली तरी त्याला मंजुरी दिलेली नाही, त्यामुळे वरचे नियम इथं जसेच्या तसे लावताही येत नाहीत.

काकूंच्या मुलाच्या खुनाचा गुन्हा ठाण्यात "अज्ञात इसमांविरुद्ध" नोंदवलेला आहे. त्याची प्रत त्यांनी कणगीमागच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. शरण आलेल्यांपैकी कोणाला त्या रात्रीचं काही माहीत आहे का, असा अर्ज आम्ही मंगळवारी ठाण्यात देणार आहोत.