५५५ आणि ७४१ चा फंक्शन जनरेटर: सूत्र बरोबर, भरवसा चुकीचा

«५५५ आणि ७४१ घ्या, दोनशे रुपयांत फंक्शन जनरेटर तयार. सूत्रात आकडे घाला, फ्रिक्वेन्सी १ टक्क्याच्या आत येतेच. ५५५ च्या पिन ३ ला इंटिग्रेटर जोडा, हव्या त्या फ्रिक्वेन्सीला स्वच्छ ट्रँगल वेव्ह मिळते. तपासायला मल्टिमीटरची Hz रेंज पुरे, स्कोप कशाला?»

एक टक्का आला कुठून?

५५५ च्या डेटाशीटमध्ये १ टक्का हा आकडा आहे खरा, पण तो मोनोस्टेबलचा. आपण जोडतो ते अस्टेबल, आणि त्याची नमुनेदार सुरुवातीची चूक तिथेच २.२५ टक्के दिलेली असते. तीसुद्धा फक्त चिपची. बाहेर लावलेल्या रेझिस्टर-कपॅसिटरची चूक त्यात धरलेली नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

उदाहरण घेऊ. `R1` १ किलोओम, `R2` ६८ किलोओम, `C` १० नॅनोफॅरॅड.

```
f = 1.44 / ((R1 + 2*R2) * C)
```

१.४४ ऐवजी १.४४२७ धरलं तर कागदावर १०५३ हर्ट्झ येतात. समजा, काउंटर ९७२ दाखवतोय. लगेच चिपला दोष देऊ नका. पॉवर काढा, रेझिस्टर सुटे करून मीटरने मोजा. समजा ते ०.९९ आणि ६७.४ किलोओम निघाले. मग ९७२ हर्ट्झसाठी कपॅसिटर १०.९ नॅनोफॅरॅडच्या आसपास असायला हवा. त्यावर `103K` छापलं असेल तर कोडं सुटलं: `K` म्हणजे १० टक्के कमी-जास्त. दुकानदार पुडीत बांधून देतो त्या सिरॅमिक डिस्कवर कधी कधी `103Z` असतं. त्याचा अर्थ २० टक्के कमी ते ८० टक्के जास्त. तो बायपाससाठी ठीक आहे, टायमिंगच्या जागी लावला तर सूत्र वापरण्यात अर्थच उरत नाही.

तिथे `J` म्हणजे ५ टक्क्यांचा पॉलिएस्टर लावा. `R2` च्या जागी ५६ किलोओम आणि त्याच्या सिरीजमध्ये २२ किलोओमचा प्रीसेट ठेवा. १००० हर्ट्झला `R2` सुमारे ७१.६ किलोओम लागतो, आणि कपॅसिटर ५ टक्के इकडे-तिकडे असला तरी प्रीसेट तिथवर पोचतो. अचूकता सूत्रातून येत नाही, ती प्रीसेट फिरवून आणावी लागते.

त्या मानाने तापमानाचा परिणाम किरकोळ आहे. चिप अंशाला दीडशे पीपीएम सरकते, म्हणजे खोली १५ अंशांनी तापली तरी पाव टक्क्याहून कमी. सप्लायकडे मात्र लक्ष हवं. व्होल्टमागे ०.३ टक्का धरला तर नऊ व्होल्टची बॅटरी सातवर उतरेपर्यंत ०.६ टक्का गेला. पिन ५ वरून ग्राउंडला १० नॅनोफॅरॅड लावायला विसरू नका, नाहीतर सप्लायमधला आवाज थ्रेशोल्ड हलवतो आणि काउंटरचा शेवटचा अंक नाचत राहतो.

इंटिग्रेटर नुसता जोडून चालत नाही

१२ व्होल्टचा एकच सप्लाय आहे, ७४१ चा नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट दोन १० किलोओमनी ६ व्होल्टवर धरलाय, इनपुट रेझिस्टर १०० किलोओम, फीडबॅकमध्ये १० नॅनोफॅरॅड. नकाशा सुरेख दिसतो. पण साध्या बायपोलर ५५५ चं आउटपुट १२ व्होल्टला पोचत नाही. वर जेमतेम साडेदहाच्या आसपास थांबतं, खाली शून्याजवळ येतं. त्याची सरासरी साधारण ५.४ व्होल्ट, आणि ऑप-अँपचा मध्य ६. हा सहा दशांश व्होल्टचा फरक इंटिग्रेटर इमानदारीने जमा करत जातो. सेकंदाला सहाशे व्होल्टच्या वेगाने आउटपुट वर सरकतं, म्हणजे दहा मिलिसेकंदांच्या आत ७४१ सप्लायच्या कडेला जाऊन बसतो. स्कोपवर सपाट रेघ दिसते आणि माणूस चिप बदलत बसतो.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. इनपुट रेझिस्टरच्या आधी १ मायक्रोफॅरॅडचा पॉलिएस्टर सिरीजमध्ये लावा, म्हणजे डीसी अडते. फीडबॅक कपॅसिटरला १ मेगओम पॅरलल लावा, म्हणजे ७४१ चा स्वतःचा ऑफसेट साठत नाही. याची किंमत अशी की १ किलोहर्ट्झला ट्रँगलची बाजू किंचित वाकते, सुरुवातीचा आणि शेवटचा उतार साधारण ५ टक्क्यांनी वेगळा पडतो. डोळ्याला ते जाणवत नाही. फ्रिक्वेन्सी कमी करत गेलात की वाक वाढतो.

इंटिग्रेटरची कटकट टाळायला काहीजण पिन ६ वरच्या वेव्हला बफर लावून तिलाच ट्रँगल म्हणतात. ती एक्स्पोनेन्शियल असते. एक तृतीयांशापासून दोन तृतीयांश सप्लायपर्यंत चढताना तिचा उतार बरोबर निम्मा होतो.

हवी ती फ्रिक्वेन्सी, पण उंची?

दोन्ही वेव्हची फ्रिक्वेन्सी एकच राहते, एवढं बरोबर आहे. मात्र इंटिग्रेटरचं आउटपुट फ्रिक्वेन्सीच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. वरच्या किमतींनी १ किलोहर्ट्झला ट्रँगल सुमारे अडीच व्होल्ट पीक-टू-पीक येते. १० किलोहर्ट्झला तीच पाव व्होल्ट होते. १०० हर्ट्झला हिशेब पंचवीस व्होल्टच्या घरात जातो, जे १२ व्होल्टमध्ये मावणार नाहीत, म्हणून शेंडे कापले जातात. टायमिंगचा कपॅसिटर बदलण्याचा रोटरी स्विच असेल तर त्याच्याच दुसऱ्या पोलवर इंटिग्रेटरचा कपॅसिटरही बदला, म्हणजे रेंज बदलली तरी उंची टिकते.

आणखी एक फसगत. स्क्वेअर वेव्हसाठी ७४१ चा बफर लावला तर त्याचा स्ल्यू रेट मायक्रोसेकंदाला ०.५ व्होल्ट. दहा व्होल्टची उडी मारायला त्याला २० मायक्रोसेकंद लागतात. २५ किलोहर्ट्झला अर्धा आवर्तकाळच २० मायक्रोसेकंदांचा, त्यामुळे स्क्वेअरच्या आउटपुटला झकास ट्रँगल दिसते! तिथे टीएल०८१ वापरा किंवा बफर काढून टाका.

मल्टिमीटरबद्दल

इथे दावा निम्मा खरा आहे. ज्या मीटरला Hz रेंज आहे, त्याचं मोजमाप क्रिस्टलवर चालतं आणि १ किलोहर्ट्झला ते आपल्या कामापुरतं चांगलं असतं. जुन्या अ‍ॅनालॉग स्कोपचा टाइमबेसच ३ टक्क्यांपर्यंत चुकतो, चौकटी मोजून फ्रिक्वेन्सी काढण्यापेक्षा मीटर बरा. पण मीटर पिन ३ ला लावा. ट्रँगल शून्य हळू ओलांडते, त्यावर थोडा आवाज बसला की एकाचे दोन मोजले जातात. वाकलेली बाजू आणि कापलेला शेंडा मात्र मीटरला कळत नाही, फ्रिक्वेन्सी तीच येते. त्यासाठी स्कोप लागतोच.

काउंटरचा गेट १ सेकंदाचा असेल तर एका अंकाची चूक गृहीत धरावी लागते. १००० हर्ट्झला ती ०.१ टक्का, २० हर्ट्झला ५ टक्के. खालच्या रेंजला एका आवर्तनाचा काळ मोजा. अर्डुइनो उनो आर३ चा काउंटर केला असेल तर त्याच्या एटीमेगाचं घड्याळ सिरॅमिक रेझोनेटरवर चालतं, क्रिस्टलवर नाही, त्यामुळे अर्ध्या टक्क्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नका.

मीटरच तपासायचा असेल तर ९ व्होल्ट सेकंडरीचा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि सेकंडरीची फ्रिक्वेन्सी मोजा (थेट मेन्सला काहीही लावू नका). भारतातल्या ग्रिडची ठरलेली पट्टी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. मीटर ४९.२ दाखवत राहिला तर संशय मीटरवर घ्या, आणि तो सुटेपर्यंत प्रीसेटला हात लावू नका.