"ताई, माझ्या आयुष्याचं पुस्तक लिवून द्याल का?"

मागच्या जून महिन्यात एक काका प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आले आणि दारातच हे वाक्य बोलले. वय सत्त्याहत्तर. मूळ पाटण खोऱ्यातले, उमेदीची सगळी वर्षं गिरणगावात गेलेली. साचाखात्यातले विणकर. मी शब्दांकनाचं काम करते, त्यामुळे अशी मागणी मला नवीन नाही. पण या पुस्तकाची प्रकरणं पाडताना जे घडलं ते लिहून ठेवावंसं वाटतंय, कारण आपापल्या आई-वडिलांचं आयुष्य लिहून काढायचं मनात असलेले बरेच जण हे वाचणाऱ्यांत असतील आणि जवळपास सगळेच एका ठिकाणी अडकतात. जन्मापासून सुरुवात करतात, बालपणाची साठ पानं होतात आणि वही मिटते.

काकांचंही तेच होणार होतं. पहिल्या दोन बैठकांत ते तीन तास बोलले. ओढा, आंब्याची झाडं, गुरं, शाळेतले मास्तर. तिसऱ्या बैठकीत मी १९८२ च्या गिरणी संपाचा विषय काढला. अकरा मिनिटांत संपला. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आलं की गावाबद्दल बोलताना काका सतत "मी" म्हणत होते आणि संपाबद्दलच्या अकरा मिनिटांत एकदाही "मी" आला नव्हता. "आम्ही लढलो, आम्ही मागं हटलो नाय, डॉक्टरसाहेबांवर आमचा विश्वास होता." डॉक्टरसाहेब म्हणजे संपाचे नेते दत्ता सामंत. माझ्या अनुभवात ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. माणूस "मी" वरून "आम्ही" वर गेला की तो सभेत ऐकलेलं बोलत असतो, त्याची स्वतःची गोष्ट खाली दबलेली असते.

पण त्याआधी एक निर्णय घ्यायला हवा होता, तो म्हणजे हे पुस्तक कुणासाठी. मी विचारलं, तर काका म्हणाले, "सगळ्यांसाठी." हे उत्तर प्रत्येक जण देतो आणि ते घेऊन पुढे जाता येत नाही. म्हणून मी वेगळं विचारलं. आयुष्याबद्दल तुम्हाला शेवटचा प्रश्न कुणी विचारला? तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, नातू इंजिनिअर आहे, पुण्याला असतो. गणपतीत घरी आला होता तेव्हा त्याने विचारलं, "आजोबा, चालू नोकरी सोडून तुम्ही संपावर गेलातच का?" काकांना उत्तर देता आलं नव्हतं.

पुस्तक त्या प्रश्नाचं आहे, हे तिथेच ठरलं. आणि हे एकदा ठरलं की बाकीचे कितीतरी निर्णय आपोआप सुटतात. नातवाला पाटण खोरं समजावून सांगायची गरज नाही, पण "बदली कामगार" म्हणजे काय हे सांगावंच लागेल. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कायमचा कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर खोलीवर परत यायचं, ही अवस्था त्याला कळल्याशिवाय कायम होण्याची किंमत कळणार नाही, आणि ती कळल्याशिवाय ती नोकरी पणाला लावणं म्हणजे काय तेही कळणार नाही. ओढा आणि आंब्याची झाडं यांना आता एक प्रकरण मिळेल, चार नाही.

मग आम्ही कालपट केला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू एकमेकांना चिकटवल्या आणि आडवी रेघ मारली. तारखा माणसाला आठवत नाहीत, पण मोठ्या घटना आठवतात, म्हणून आधी त्यांच्या खुंट्या ठोकल्या. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ. आणीबाणी, जून १९७५. संप, १८ जानेवारी १९८२. आता प्रत्येक गोष्ट या खुंटीच्या अलीकडची की पलीकडची, एवढंच विचारायचं. लग्न दुष्काळाच्या आधी की नंतर? थोरली मुलगी आणीबाणीत चालत होती की रांगत होती?

इथेच पहिला मोठा अडथळा आला. काकांनी तिन्ही बैठकांत सांगितलं होतं की भूकंपात घर पडलं म्हणून मी मुंबई गाठली. पिशवीतल्या कागदांत त्यांचं पहिलं बदली कार्ड होतं. घडीवर फाटलेलं, पिवळं पडलेलं. त्यावर शिक्का मे १९६७ चा. म्हणजे भूकंपाच्या सात महिने आधी ते मुंबईत होते. मी कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि काही बोलले नाही. बराच वेळ ते शिक्क्यावरून अंगठा फिरवत होते. मग सांगितलं की वडिलांशी भांडून, न सांगता ते घर सोडून आले होते. भूकंपाच्या पहाटे ते लालबागच्या गाळ्यात, म्हणजे गावकरी मिळून राहायचे त्या खोलीत, झोपले होते. तिथेही हादरा जाणवला आणि उशाची पत्र्याची ट्रंक हलली. गावाकडे भूकंप झाल्याचं समजल्यावर ते निघाले, कराडच्या पुढे बरंचसं अंतर पायी गेले. घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता आणि वडील बाहेर खाटेवर बसले होते. भांडणाचा विषय दोघांनीही पुन्हा कधी काढला नाही.

आता कालपटावरची चूक दुरुस्त करून नुसतं पुढे जाता आलं असतं. पण मला वाटतं, आठवण आणि कागद जुळत नाहीत तिथे थांबलंच पाहिजे. काका खोटं बोलत नव्हते. पन्नास वर्षं स्वतःला तसं सांगत आल्यामुळे तेच त्यांना खरं वाटत होतं. ही गोष्ट पुस्तकात दोन्ही बाजूंनी येईल. ते काय सांगत आले ते, आणि कार्ड काय सांगतं ते.

प्रकरणं पाडताना मी वर्षांचा हिशेब धरत नाही. १९६० ते ७०, ७० ते ८० असे भाग केले की प्रत्येक प्रकरणात सगळंच थोडं थोडं येतं आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मी छपरं मोजते. माणूस कोणकोणत्या छपराखाली झोपला, तिथे सोबत कोण होतं आणि तिथून का निघाला? काकांची सहा छपरं निघाली. पाटणचं घर. लालबागचा गावकऱ्यांचा गाळा, जिथे एका पाळीचे लोक उठले की त्यांच्याच वळकटीच्या जागी दुसऱ्या पाळीचे झोपत. लग्नानंतरची चाळीतली भाड्याची खोली. संपात परत गावचं घर. मग रखवालदार म्हणून काम केलं त्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. आणि शेवटी गिरणी कामगारांच्या सोडतीत लागलेलं घर. छप्पर बदललं की काहीतरी निर्णय झालेला असतोच, त्यामुळे प्रकरणाला सुरुवात आणि शेवट आपोआप मिळतो. या सहांची चौदा प्रकरणं झाली, कारण गाळ्याला तीन आणि संपातल्या गावाला चार द्यावी लागली.

आकाराचंही बोलायला हवं, कारण तिथे लोक फार फसतात. डेमी आकाराच्या पानावर साधारण २६० शब्द बसतात. छपाई १६ पानांच्या फर्म्यात होते, म्हणून आम्ही दहा फर्मे, म्हणजे १६० पानं धरली. म्हणजे चाळीस-एक हजार शब्द, एका प्रकरणाला तीन हजारांच्या आत. एक तास बोलणं ऐकून उतरवायला मला पाच-सहा तास लागतात आणि त्यातून सहा-सात हजार शब्द निघतात. त्यातले पुस्तकात टिकतात फार तर हजार-बाराशे. हे गणित काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दिवाळीला पुस्तक हातात येईल, असं ते धरून चालले होते.

लिहायला सुरुवात मी कधीच पहिल्या प्रकरणापासून करत नाही. मधलं एक प्रकरण घ्यायचं, पूर्ण लिहायचं, वाचून दाखवायचं. भाषा कोणती हे त्यातूनच ठरतं. आम्ही घेतलं साचाखातं. मी पहिला खर्डा स्वच्छ प्रमाण मराठीत केला होता. "धोट्यातील धागा मी तोंडाने ओढून घेत असे." काकांनी ऐकून मान हलवली. म्हणाले, "बरोबर हाय, पर ह्यो कुणीतरी साहेब बोलतोय." मग त्यांनी खुर्चीतच पुढे वाकून दाखवलं. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की धोटा काढायचा, नवी कांडी घालायची, धोट्याच्या भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा की धागा बाहेर येतो. त्याबरोबर तोंडात तंतू जातात, चवीला तेलकट. दिवसभर तेच. दुसऱ्या खर्ड्यात निवेदन साधं ठेवलं आणि बोललेलं मात्र त्यांच्याच बोलीत. सगळं पुस्तक बोलीत करायचा मोह मला झाला होता, पण बोलीतली १६० पानं वाचणं नातवाला जड गेलं असतं.

राहिला संप. त्या अकरा मिनिटांचं काय करायचं? मी "काय वाटलं" विचारणं सोडून दिलं आणि वस्तू विचारायला लागले. पगार बंद झाल्यावर घरातलं पहिलं काय विकलं? गावी जाताना ट्रंकेत काय होतं? काका आठवत होते आणि आतून काकू बाहेर आल्या. तोवर त्या चहा देऊन आत जात. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "माझ्या पाटल्या. आन् गावी गेल्यावर ह्ये कट्ट्यावर बसायचं, मी रोजगार हमीवर खडी फोडायला जायची." काका खाली बघत होते. त्यानंतर पहिल्यांदा त्यांनी धाकट्या भावाचं नाव घेतलं. त्याला त्यांनीच गिरणीत चिकटवलं होतं, आणि आठ महिन्यांनी संप मोडून तो कामावर गेला. नऊ वर्षं दोघं बोलले नाहीत.

हा भाऊ हयात आहे. त्याच्याबद्दल लिहायचं तर त्याला दाखवून, हा माझा नियम आहे. नाव बदलून चालणार नाही, कारण घरच्यांना कळणारच. काका आधी नको म्हणाले. तो भाग वगळला तर नातवाच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं राहील, एवढंच मी म्हणाले. दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. भावाला घरी बोलावलंय, म्हणाले, तुम्ही पण या, त्याची बाजू त्याच्याच तोंडून लिहून घ्या.

संपातल्या चार प्रकरणांतलं एक आता काकूंच्या आवाजात आहे, तेही "मी" म्हणून. पुस्तक काकांचं, मग मध्येच दुसरा आवाज कशाला, असं एका मित्राने विचारलं. ती दोन वर्षं घर चाललं ते काकूंच्या मजुरीवर. ती त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

येत्या रविवारी भाऊ येतोय. मी रेकॉर्डर चार्ज करून ठेवलाय, आणि काकांनी बदली कार्डाच्या जोडीला भावाचंही कार्ड शोधून ठेवलंय. त्याच पिशवीत होतं, इतकी वर्षं.