पोरीचा फोन वाचावा कसा

पोरगी अकरावीत गेली, एसटीनं तालुक्याच्या कॉलेजला जायला लागली, आणि नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात म्हणून तिला फोन घेऊन देणं भाग पडलं. आता तो फोन बापानं वाचायचा की नाही? हा काय प्रश्न झाला! फोन कोणाच्या पैशाचा? कापसाच्या. कापूस कोणाचा? आपला. मग आतली अक्षरंही आपलीच. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तोही एकमतानं, पण ते दिल्लीत. आपल्या न्हाणीला अजून गोणपाटाचा पडदा आहे, त्याला हक्क कुठे टांगता?

तर मुहूर्त रात्रीचा धरा. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची असली म्हणजे ओलितासाठी उठावंच लागते, कोणाला शंका येत नाही. मोटर सुरू करून दोनच्या सुमारास घरी या. पोरगी झोपली असेल. तिचं बोट अलगद उचलून फोनवर टेकवा. जिला बोट धरून चालायला शिकवलं, तिचंच बोट झोपेत धरून कुलूप उघडायचं. हुशारी करून फोन आधी बंद-चालू मात्र करू नका. नव्यानं सुरू झालेला फोन पहिल्यांदा पॅटर्न किंवा पिन मागतो, बोटाला भीक घालत नाही.

आता वाचा. सगळंच वाचा, न उघडलेले मेसेज आधी. तिकडे मैत्रिणीच्या फोनवर दोन निळ्या टिका उमटतील आणि वेळ दिसेल २:१०. सकाळी बसमध्ये मैत्रीण विचारेल, ‘‘रातच्या दोनले वाचलं तू, मग उत्तर काऊन नाही देल्लं?’’ पोरगी विचारात पडेल. दोन वाजता घरात कोण जागं होतं, हे तिला ठाऊक आहे. मोटरचा हिशेब तीच वहीत लिहिते.

वाचताना एक गोष्ट ध्यानात येईल. त्या फोनात तुमच्या पोरीचं जेवढं आहे, त्याहून जास्त दुसऱ्यांच्या पोरींचं आहे. एकीनं लिहिलं असेल, ‘घरी पाहुणे येऊन राह्यले मले पाहाले. मले शिकायचं आहे. कोणाले सांगू नको.’ पोरीनं कोणाला सांगितलं नाही. तुम्ही सांगा. पानठेल्यावर त्या मैत्रिणीचा बाप भेटलाच तर खर्रा घोटता घोटता म्हणा, ‘‘भाऊ, तुमच्या पोट्टीच्या मनात काही वेगळंच दिसते बाप्पा.’’ तुम्ही आपली पोरगी सांभाळायला निघाला होता, मार दुसरीनं खाल्ला. शिवाय ती मैत्रीण तुमच्या पोरीला ब्लॉक करते. म्हणजे अडीअडचणीला पोरीनं जिला पहिल्यांदा सांगितलं असतं, ती एक जागा तुम्ही परस्पर बुजवली.

यानंतर फोन कोरा कोरा दिसायला लागेल. त्याला संस्कार समजून खूश व्हा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एखादं चॅट कुलपात टाकता येते, आणि त्याला गुप्त कोड लावला तर ते कुलूपसुद्धा यादीत दिसत नाही. शोधायच्या पट्टीत कोड टाकला तरच उघडते. चोवीस तासांत आपोआप पुसले जाणारे मेसेज वेगळेच. हे सगळं पोरं वर्गात शिकत नाहीत. बाप शिकवतो, रात्री दोन वाजता.

तुम्ही मग पुढची पायरी चढाल. भाच्याच्या सल्ल्यानं पोरीचं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फोनवर जोडून घ्याल, तिच्या फोननं आपल्या फोनवरचा कोड स्कॅन केला की झालं. बांधावर बसल्या बसल्या सगळं वाचता येते, वा! फक्त तिच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ नावाची यादी असते. त्यात तुमचा फोन नांदत असतो, शेवटचा कधी चालू होता त्यासकट. ती यादी पोरगी पाहील आणि काहीच बोलणार नाही. पुढे त्या व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हाला फक्त अभ्यास, प्रॅक्टिकल आणि ‘शुभ सकाळ’ वाचायला मिळेल. तुमच्यासाठीच लिहिलेलं.

काही लोक म्हणतील, उघडपणे ठरवून करा. इन्स्टाग्रामवर पालकाला देखरेख ठेवता येते. पोरगी अलीकडे कोणाकोणाशी बोलली ते दिसते, काय बोलली ते दिसत नाही. असल्या फंदात पडू नका. एक तर ते पोरीनं हो म्हटल्याशिवाय सुरूच होत नाही, म्हणजे तिच्यासमोर बसून बोलणं आलं. दुसरं, नुसती नावं पाहून काय करायचं? अनोळखी नाव दिसलं तर ‘हा कोण?’ असं विचारावं लागेल. विचारण्यात बापाची काय शान राहते?

आता खरी गंमत. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप राखत असता आणि संकट इन्स्टाग्रामवरून येते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला पोरीचा फोटो कोणी उचलतो, तिचा चेहरा भलत्याच अंगावर चिकटवतो आणि तिलाच पाठवतो: ‘दोन हजार टाक, नाही तर गावच्या ग्रुपवर टाकतो.’ खाली मुदत, संध्याकाळपर्यंत. पोरीनं काहीच केलेलं नाही. तरी ती तुम्हाला सांगत नाही, कारण पुढचं तिला पाठ आहे. तुम्ही फोन आपटाल, कॉलेज बंद कराल, आणि महिनाभरात आपल्याही घरी पाहुणे येतील. त्या माणसाचा सगळा धंदा या भीतीवर चालतो. त्याला तुमचं नावही माहीत नाही, पण तुमच्या रागाचा भरवसा त्याला पक्का आहे.

अशा वेळी तुम्हाला सुगावा लागलाच तर आमचा सल्ला असा: चॅट पुसा, अकाउंट बंद करा, फोन पाट्यावर ठेवून वरवंटा घाला. पुरावा हातोहात संपतो आणि गुन्हेगाराचा आशीर्वाद लागतो.

पोरगी मात्र वर्ध्याच्या मावशीला फोन करते. मावशी जास्त शिकलेली नाही, तिला फक्त ओरडायची सवय नाही. ती म्हणते, ‘‘पैसे टाकू नको, एकदा देल्ले की तो पुन्हा मागते. काही पुसू नको. त्याच्या अकाउंटचं नाव दिसेल असे फोटो काढून ठेव, मंग ब्लॉक कर.’’ रात्री दोघी मिळून cybercrime.gov.in वर तक्रार भरतात. तिथे बायका-मुलांच्या तक्रारींचा भाग वेगळा आहे, नाव न देताही भरता येते. ‘टेक इट डाऊन’ नावाची सोय अठराच्या आतल्यांच्या अशा फोटोंसाठीच आहे. फोटो आपल्याच फोनात राहतो, त्याचा नुसता आकडी ठसा बाहेर जातो, आणि त्यावरून सामील असलेल्या कंपन्या आपल्याकडे तो फोटो शोधून काढतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये तो ठसा पोचत नाही, हेही मावशी सांगते, उगाच धीर द्यायचा म्हणून लपवत नाही.

तुम्हाला हे कळते पंधरा दिवसांनी, तेही मावशीच्या तोंडून. तुम्ही तावातावानं विचारता, ‘‘एवढं झालं, मले काऊन नाही सांगितलं?’’

पोरगी वहीतून मान वर न काढता म्हणते, ‘‘मले वाटलं, तुम्ही वाचलं असन.’’

यावर काही सुचलं नाही तर तसेच उठा. दोन वाजत आले, लाईट आली असेल, मोटर पाहायला जा.