पोरं पासवर्ड विसरलेली नाहीत, तुमच्या शीटमधला शेवटचा आकडा उडालाय

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर पूर्ण वाचा.

माझी भाची सई एस.वाय. बी.कॉम.ला आहे. कॉलेज मुंबई विद्यापीठाचं, नाव लिहीत नाही. सुट्टीत कॉलेजने पोर्टलचं युजरनेम बदललं. आधी वर्ग, तुकडी आणि रोल नंबर मिळून युजरनेम व्हायचं, पुढे कॉलेजचं जुनं डोमेन. आता रोल नंबरच्या जागी पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक, आणि पुढे नवीन डोमेन. बदल झाल्यापासून सईचं लॉगिन होत नाही. परीक्षेचा फॉर्म त्याच पोर्टलवरून भरायचा, तारीख उलटली की लेट फी. फोन कोणी उचलत नाही, मेलला उत्तर नाही. म्हणून आज हाफ डे टाकून मी तिच्याबरोबर गेले.

ऑफिसच्या खिडकीवर अर्जाचा नमुना चिकटवलाय. "मी माझा पासवर्ड विसरलो/विसरले असून झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे." रांगेतली पोरं भिंतीला वही टेकवून हेच उतरवून घेत होती. कोणाची ट्रेन चुकत होती, कोणाचं लेक्चर. सईने अर्ध लिहून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मावशी, पण मी विसरलेले नाहीये ना."

नाहीच विसरली. पोरगी पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवते, आणि तसंही पहिला पासवर्ड सगळ्यांना एकच दिला होता. तो विसरणार कसा?

तिच्यापुढे एक मुलगा उभा होता. तो म्हणाला, "माझं लॉगिन होतंय, पण आत नाव भलत्याच मुलीचं येतंय." हे ऐकलं आणि माझे कान टवकारले. मी अकाउंट्समध्ये आहे, पार्ट्यांचे बँक खाते नंबर एक्सेलमध्ये भरण्यात माझी वर्षं गेलीत. त्याला म्हटलं, बाळा, तुझ्या पीआरएनचा शेवटचा आकडा कोणता? म्हणाला, शून्य. मग रांगेत एकेकाला विचारत गेले. ज्यांचं लॉगिन होत नव्हतं त्यांचे शेवटचे आकडे चार, सात, नऊ, एक, काहीही. शून्य एकाचाही नाही. आणखी एक शून्यवाली मुलगी भेटली, तिचं लॉगिन होत होतं.

ज्यांना रोज एक्सेल लागत नाही त्यांच्यासाठी सावकाश सांगते. मुंबई विद्यापीठाचा पीआरएन सोळा आकडी असतो. एक्सेल कुठलीही संख्या पंधरा आकड्यांपर्यंतच धरून ठेवतं, सोळाव्या आकड्याच्या जागी सरळ शून्य टाकतं. त्याच्या लेखी ती संख्या असते, नाव नव्हे. मोठ्या संख्येत शेवटचा आकडा गेला तर हिशोबाला फार फरक पडत नाही, पण ओळख क्रमांकात तोच तर माणूस असतो. समजा एखाद्याचा पीआरएन असा आहे (हा मी मनाने लिहिलाय, कोणाचा नाही):

```
खरा पीआरएन:       2023016400123457
सेलमध्ये दिसतो:     2.02302E+15
नंबर फॉरमॅट केल्यावर: 2023016400123450
```

मधली ओळ दिसली की माणूस दचकतो आणि "नीट" करायला जातो. सेलचं फॉरमॅट बदलून नंबर करतो, पॉइंटनंतरची शून्यं काढतो. आता सोळा आकडे छान ओळीत दिसतात आणि सगळं बरोबर वाटतं. पण शेवटचा सात गेलेला असतो आणि त्या फाइलमधून तो कुणालाही परत काढता येत नाही. एजन्सीकडून आलेली सीएसव्ही फाइल बरोबर असली तरी हेच होतं. ती डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडायची, नवीन ईमेलचा कॉलम जोडायचा, सेव्ह करायची, की झालं. दुसरी गंमत म्हणजे पीआरएन टेक्स्ट म्हणून नीट ठेवलेला असेल तर एक्सेल सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दाखवतं. त्यावर क्लिक केलं की Convert to Number येतं. कामसू माणूस ते दाबतो आणि नीट असलेली यादीही बिघडते.

पीआरएन ओळीने दिलेले असले तर गोंधळ आणखी वाढतो. शेवटी शून्य ते नऊ असलेल्या एकापाठोपाठच्या दहा पोरांचे पहिले पंधरा आकडे सारखेच. सोळावा शून्य झाला की दहाही पोरांचं युजरनेम एकच. पोर्टल पहिलं खातं बनवतं आणि उरलेली नऊ "आधीच आहे" म्हणून टाकून देतं. ते पहिलं खातं यादीत जिचं नाव आधी होतं तिचं. शून्यवाल्या मुलाने स्वतःचा खरा पीआरएन टाकला, पासवर्ड सगळ्यांचा एकच, आणि तो थेट तिच्या खात्यात शिरला. तिचा पत्ता, मोबाइल, मार्क सगळं त्याच्यासमोर. मुलगा सरळ होता म्हणून बोलून दाखवलं. नसता बोलला तर? सई शेवटी शून्य टाकून बघायला निघाली होती, तिला मी दटावलं. ते दुसऱ्या कोणाचं घर आहे, आपण दार ढकलायचं नाही.

आणि ह्या सगळ्यावर सईने लिहायचं काय, तर झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे!

"फरगॉट पासवर्ड दाबायचं ना," असं दोन ओळखीच्यांनी आधीच सांगितलंय. दाबलं की. पण रीसेटची लिंक नवीन डोमेनच्या मेलवर जाते, आणि तो मेलसुद्धा ह्याच यादीवरून बनवलाय. म्हणजे सईचा खरा मेल मुळात अस्तित्वातच नाही. जुना मेल त्याच आठवड्यात बंद केला. मेल गूगलवर आहे. गूगल वर्कस्पेसमध्ये अ‍ॅडमिनने त्याच विद्यार्थ्याचा पत्ता बदलला तर जुना पत्ता आपोआप एलिअस म्हणून राहतो. जुन्यावर आलेला मेल नव्यात पडतो, ड्राइव्हमधल्या फाइली जागच्या जागी असतात. इथे पत्ता बदललाच नाही. नवी खाती उघडली आणि जुन्यांना कुलूप ठोकलं. सईचा प्रोजेक्ट त्या कुलपाआड आहे.

मान्य, रोल नंबरचं युजरनेम दरवर्षी बदलावं लागतं आणि पीआरएन शेवटपर्यंत तोच राहतो, त्यामुळे बदल करायलाच हवा होता. ठीक आहे.

आमची पाळी आली तेव्हा खिडकीतल्या सरांना म्हटलं, सर, एवढी शीट उघडून दाखवाल का? आधी म्हणाले, "मॅडम, पोरांना पासवर्ड नीट टाकता येत नाही, कॅप्स लॉक चालू ठेवतात." मी पुन्हा विनंती केली. त्यांनी उघडली आणि पीआरएनच्या कॉलमवरून स्क्रोल करत खाली गेले. शून्य. शून्य. शून्य. पूर्ण पान संपलं तरी प्रत्येक पीआरएनच्या शेवटी शून्यच. त्यांचा माउसवरचा हात थांबला. हळूच म्हणाले, "हे मी नाही केलेलं हो, मला अशीच दिलीय."

त्या माणसावर माझा राग राहिला नाही, खरं सांगते. कॉन्ट्रॅक्टवर आहेत, डबा तसाच बाजूला पडलेला, सकाळपासून लोकांचं ऐकून घेतायत. त्यांना एक्सेल कोणी शिकवलं असेल? एजन्सीने फाइल पाठवली, वरच्यांनी अपलोड करा म्हटलं, त्यांनी केली. त्यांच्या जागी आपल्यापैकी कोणीही असतं तरी तेच झालं असतं.

पण मग ते म्हणाले, "तरी अर्ज द्यावाच लागेल, अर्जाशिवाय रीसेट होत नाही, आणि अर्जाचा मजकूर हाच." इथे माझं पुन्हा सटकलं. शीटमध्ये डोळ्यांनी बघितलंत ना? चूक कुणाची ते दिसतंय ना? मग एकोणीस वर्षांच्या पोरीकडून खोटं का लिहून घेताय? हे कागद फाइलला लागतात. उद्या कोणी लेट फीबद्दल विचारलं तर कॉलेज हेच काढून दाखवणार की बघा, विद्यार्थ्यांनीच चूक कबूल केलीय. आणि रीसेट करून होणार काय? जे खातंच नाही त्याचा पासवर्ड कसला बदलणार?

सईने तो अर्ज फाडला. मी सांगितलं नव्हतं, तिने स्वतःहून फाडला. नवीन कागदावर आम्ही लिहिलं की माझा पीआरएन अमुक आहे, पोर्टलमध्ये त्याचा शेवटचा आकडा चुकून शून्य नोंदला गेलाय, त्यामुळे लॉगिन होत नाही, नोंद दुरुस्त होईपर्यंत परीक्षेचा फॉर्म ऑफिसमध्ये कागदावर घ्यावा आणि लेट फी लावू नये. सोबत पहिल्या वर्षाच्या मार्कशीटची झेरॉक्स लावली, कारण त्यावर पीआरएन छापलेला असतो. दोन प्रती केल्या आणि एकीवर आवक शिक्का घेतला. सरांनी शिक्का मारला, एवढं त्यांचं चांगलं म्हणायला हवं. मागची पोरं मग तोच मजकूर उतरवून घ्यायला लागली.

ज्या मित्रमंडळींच्या हातात अशा याद्या असतात त्यांनी एवढं करा. बिघडलेली शीट हाताने दुरुस्त करत बसू नका, त्यात खरा आकडा उरलेलाच नाही. विद्यापीठाकडून आलेली किंवा अ‍ॅडमिशनची मूळ यादी घ्या. रिकामी शीट उघडून पीआरएनचा कॉलम आधी टेक्स्ट करा आणि मगच पेस्ट करा. सीएसव्ही असेल तर डबल-क्लिक न करता डेटा मेनूतून From Text/CSV ने आणा आणि त्या कॉलमचा प्रकार टेक्स्ट निवडा. गूगल शीट्समध्येही हाच धोका आहे, तिकडे पळून उपयोग नाही. अपलोड करण्याआधी कॉलमच्या शेवटच्या आकड्यांवर एकदा नजर टाका, सगळीकडे शून्य दिसलं तर तिथेच थांबा. आणि सगळ्यांना एकच पासवर्ड देणं आजपासून बंद करा, कृपा करा.

पालकांसाठी: पोराचं लॉगिन होत नसेल तर त्याला ओरडण्याआधी वर्गातल्या चार-पाच जणांचे शेवटचे आकडे विचारून घ्या. फक्त शून्यवालेच आत जात असतील तर दुखणं हेच. आकड्यांचा काही मेळ लागत नसेल तर कारण वेगळं असू शकतं, ब्राउझरमध्ये सेव्ह झालेलं जुनं युजरनेम आपोआप भरलं जातंय का तेही बघा. चुकीची कबुली देणारा अर्ज लिहू नका. लेट फी भरून टाकली असेल तर पावती जपून ठेवा, ती परत मागायची आहे. सईच्या वर्गातली पोरं सोमवारी एकत्र प्राचार्यांना भेटणार आहेत, मीही जातेय. कोणाला यायचं असेल तर मला इनबॉक्स करा.