खुलासा : ‘फांग-जी’ एक नाही

‘फांग-जी ही सूज उतरवणारी चिनी वनस्पती आहे. चिनी वैद्यकाचा मजकूर मराठीत आणताना नुसतं फांग-जी लिहिलं तरी पुरे.’

पुरे नाही. चिनी औषधबाजारात या नावाखाली दोन वेगळ्या वेली विकल्या जात. हान-फांग-जी म्हणजे स्टेफानिया टेट्रान्ड्राचं मूळ, तर ग्वांग-फांग-जी म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया फांगचीचं. दुसरीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्याने मूत्रपिंडं कायमची निकामी होऊ शकतात, पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही होऊ शकतो.

ब्रुसेल्समध्ये नेमकं हेच घडलं. वजन उतरवायच्या गोळ्यांत स्टेफानिया घालायची होती, पडली अ‍ॅरिस्टोलोकिया. 1993 मध्ये तरुण बायकांची मूत्रपिंडं झपाट्याने बिघडल्याचं डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं. पुढे रुग्ण शंभरावर गेले. वाळलेल्या मुळाच्या चकत्या नुसत्या पाहून फरक कळणं कठीण. रासायनिक तपासणीच लागते.

म्हणून मराठीत ‘हान-फांग-जी (स्टेफानिया टेट्रान्ड्रा, मूळ)’ असं लिहावं. मूळ मजकुरात कोणती ते नसेल, तर ‘कोणती फांग-जी, स्पष्ट नाही’ असं तिथेच नोंदवावं. चिनी वैद्यकातल्या ‘ची’ या जीवनऊर्जेला मराठीत प्राण म्हटल्याने अर्थ सरकतो खरा, पण त्याने कुणाचं मूत्रपिंड जात नाही.