पाच स्टार द्या, मग कंबर सरळ करा

डॉक्टर, अभिनंदन! गल्लीत क्लिनिक टाकलंत, आयएफटी आलं, अल्ट्रासाउंड आलं, ट्रॅक्शनचा पलंग आला, क्वाड्रिसेप्स टेबलावरचं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच आहे. आता फक्त गूगलवर दिसायचं राहिलं. परवाच एका क्लिनिकच्या काउंटरवर कंबर धरून उभं असताना समोर टॅब सरकवला गेला: "सर, आधी पाच स्टार देता का, मग पावती करते." सिटिंग पहिली, आणि तीही अजून व्हायची होती. तेव्हा वाटलं, या बाबतीत आपल्याकडे जे जे उत्तम चालतं ते एकदा नीट लिहून काढावं. नव्या क्लिनिकवाल्यांची सोय होईल.

पहिली गोष्ट, बिझनेस प्रोफाइल स्वतः काढू नका. तुम्ही डॉक्टर आहात, जीमेल उघडणं तुम्हाला शोभत नाही. "डिजिटल मार्केटिंग" करणारा एक मुलगा येईलच, त्याला फोन देऊन टाका. तो त्याच्याच ईमेलवरून प्रोफाइल काढेल, म्हणजे प्रायमरी ओनर तो, आणि तुम्ही फार तर मॅनेजर. वर्षभराने त्याच्याशी बिनसलं की क्लिनिकचा फोन नंबर बदलायलाही त्याची मनधरणी करा. तोवर नव्वद रिव्ह्यू जमलेले असतील, तेही त्याच्या ताब्यात. मग "रिक्वेस्ट ओनरशिप" करा, त्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात, तेवढे वाट बघत बसा. एवढं कशाला, नवीनच प्रोफाइल काढा की! म्हणजे नकाशावर एकाच दारात दोन क्लिनिक, जुन्यावर रिव्ह्यू आणि बंद पडलेला नंबर, नव्यावर चालू नंबर आणि शून्य रिव्ह्यू.

(काही कंजूष डॉक्टर हे काम स्वतःच करतात म्हणे. क्लिनिकच्या नावाचं वेगळं जीमेल काढतात, प्रोफाइल त्यावर घेतात आणि एजन्सीला फक्त मॅनेजर करतात. व्हेरिफिकेशनला व्हिडिओ मागितला तर एकाच दमात, न थांबवता, न कापता शूट करतात: रस्त्याचं नाव किंवा शेजारची ओळखीची दुकानं, मग आपला बोर्ड, मग आपल्या किल्लीने उघडलेलं कुलूप, मग आतली मशीन. अर्ध्या मिनिटापेक्षा थोडा जास्त व्हिडिओ. बोर्ड लागायच्या आधी शूट केलं की नाकारला जातो, हेही त्यांना माहीत असतं. असल्या लोकांच्या नादी लागू नका.)

दुसरं, नाव. बोर्डावर "अमुक फिजिओथेरपी क्लिनिक" असेल तर गूगलवर एवढंच लिहून कसं चालेल? "अमुक फिजिओथेरपी क्लिनिक, बेस्ट फिजिओथेरपिस्ट इन कोथरूड, बॅक पेन, स्लिप डिस्क, फ्रोझन शोल्डर, लेडी डॉक्टर, होम व्हिजिट" असं भरगच्च करा. लग्नपत्रिकेत कशी आप्तेष्टांची सगळी नावं घ्यावी लागतात, तसं एकही दुखणं रुसता कामा नये. काही दिवस तुम्ही वर दिसालही, खोटं कशाला बोला. म्हणून तर सगळे हेच करतात. मग समोरचा स्पर्धक "सजेस्ट अ‍ॅन एडिट" करतो किंवा तक्रार करतो, आणि एका सकाळी प्रोफाइल सस्पेंड. नकाशावरून गायब. अपील करायला बसलात की पुरावे जोडायचा फॉर्म उघडल्यापासून साठ मिनिटांत सगळं द्यावं लागतं: बोर्डाचा फोटो, शॉप अ‍ॅक्टचा दाखला, लाइट बिल. आणि त्या तिन्हींवर "बेस्ट फिजिओथेरपिस्ट इन कोथरूड" कुठेच नसतं. आधी नाव बोर्डाप्रमाणे करून घ्यायचं आणि मगच अपील, हे तेव्हा त्या मुलाला सुचत नाही.

कंबर, मान, गुडघा हे सगळं लिहायला कॅटेगरी आणि सर्व्हिसेस अशा वेगळ्या जागा दिलेल्या आहेत. एक मुख्य कॅटेगरी, वर आणखी नऊ. पण त्या भरायला दहा मिनिटं लागतात.

पिन मागच्या गल्लीतच राहू द्या. रुग्णाला तेवढंच चालणं होतं.

वेळ "सकाळी ९ ते रात्री ९" टाका. दुपारी एक ते पाच तुम्ही नसता हे आख्ख्या पेठेला माहीत आहे, गूगलला कळायची काय गरज?

आता मुख्य विषय, रिव्ह्यू. इथे मात्र कल्पकता हवी. रिसेप्शनवर एकच टॅब ठेवा, क्लिनिकच्याच वायफायवर, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिथेच लॉगिन करायला लावा. पासवर्ड आठवत नसलेले आजोबा लाइनीत असले की अजून बहार. दारात उभं करून मागितलं की माणूस नाही म्हणत नाही; "व्हेरी गुड ट्रीटमेंट, प्रोफेशनल स्टाफ" एवढं टाइप करतो आणि सुटतो. एकाच जागेवरून, एकाच तासात, त्याच पाच शब्दांचे सात रिव्ह्यू. गूगलची गाळणी नेमकी कशी चालते ते गूगल सांगत नाही, पण एवढं ओळखायला गाळणीही लागत नाही. आठवड्याने त्यातले पाच दिसेनासे झाले की रुग्णालाच फोन करा, "सर, तुमचा रिव्ह्यू दिसत नाहीये, परत टाकता का?"

तरी कमी पडले तर सूट द्या: रिव्ह्यू लिहा, एक सिटिंग फुकट. नाहीतर एजन्सीची ती लिंक घ्या, ज्यात आधी हसरा आणि रडका चेहरा विचारतात. हसरा दाबला की गूगल उघडतं, रडका दाबला की "तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" म्हणून एक फॉर्म, जो कोणी वाचत नाही. दोन्ही गोष्टी गूगलच्या नियमांत स्पष्ट शब्दांत बसत नाहीत. मोबदला देऊन रिव्ह्यू नाही, आणि फक्त खूश लोकांनाच विचारायचं नाही. एजन्सीच्या पॅकेजमध्ये मात्र याला "रेप्युटेशन मॅनेजमेंट" म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

आणि तरीही कमी पडले तर विकत घ्या! शंभराचं पॅकेज मिळतं. मग तुमच्या गल्लीतल्या क्लिनिकचं कौतुक करायला असे लोक येतात, ज्यांच्या नावावर बोट ठेवलं तर आदल्या दिवशी लुधियानाचं सलून आणि गुवाहाटीचे पॅकर्स अँड मूव्हर्स यांनाही त्यांनी पाच पाच स्टार दिलेले दिसतात. पुण्यात येऊन फ्रोझन शोल्डर कधी बरा करून घेतला, देव जाणे. गूगलने पकडलं तर काही काळ नवे रिव्ह्यू घेणं बंद, जुने झाकलेले, आणि प्रोफाइलवर सगळ्यांना दिसेल अशी सूचना, की इथून खोटे रिव्ह्यू काढले आहेत. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ साली आयएस १९००० हे मानक काढलं, ते ऐच्छिक आहे. तेवढ्यावर निर्धास्त राहा. पण दिशाभूल करणारी जाहिरात हा ग्राहक संरक्षण कायद्याचा विषय आहे आणि तो कायदा ऐच्छिक नाही.

कोणी एक स्टार दिला तर सोडू नका. सगळ्यांसमोर उत्तर द्या: "सर, आपण एल-फोर एल-फाइव्हच्या स्लिप डिस्कसाठी आला होतात, दहापैकी तीनच सिटिंग केल्यात, घरचे व्यायाम केले नाहीत आणि आपलं वजन ९४ किलो आहे." वा! त्या माणसाचा बॉस, व्याही आणि विमा एजंट हे वाचणार. चूक त्याची असेलही. पण त्याच्या पाठीचा एमआरआय तुम्हाला दाखवला तो नकाशावर चिकटवायला नाही. अहो, तो तुमचा रुग्ण आहे एवढं कबूल करणंसुद्धा उत्तरात टाळायचं असतं! "आपला अनुभव चांगला गेला नाही याचं वाईट वाटलं. कृपया क्लिनिकच्या नंबरवर माझ्याशी बोला." दोन वाक्यं, खाली स्वतःचं नाव, संपलं. आणि कमी स्टार दिले म्हणून "रिपोर्ट" दाबून काही होत नाही. शिवीगाळ, जाहिरात, खोटेपणा असं नियम मोडणारं काही असेल तरच तो उतरतो.

पुरे झाला उपरोध. सरळ ऐका.

रिव्ह्यू मागायचा तर काही बरं झाल्यावर मागा. गुडघा बदललेल्या आजी आल्या तेव्हा गुडघा ६० अंशांत वाकत होता, सहाव्या आठवड्यात ११० झाला, तुम्ही गोनिओमीटरने मोजलात, फाइलमध्ये लिहिलात आणि त्यांना दाखवलात. तो दिवस. पहिल्या सिटिंगला माणसाला तुमच्याबद्दल फक्त पार्किंग कसं आहे एवढंच माहीत असतं. स्वतःच्या प्रोफाइलच्या ईमेलने लॉगिन करून गूगलवर क्लिनिकचं नाव शोधा, "आस्क फॉर रिव्ह्यूज" दाबा, लिंकही मिळते आणि क्यूआर कोडही. संध्याकाळी आजींच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा: "आईंचा कोर्स आज पूर्ण झाला. जमेल तेव्हा तुमचा अनुभव इथे लिहिलात तर दुसऱ्यांना उपयोग होईल. काही खटकलं असेल तर तेही लिहा." बस. रोज आणणारा, पायऱ्या चढवणारा तोच होता, त्याने त्याच्या फोनवरून, त्याच्या घरून, त्याचा अनुभव लिहू दे. काय लिहायचं ते सांगू नका. आठवण एकदाच करा, दुसऱ्यांदा नाही.

आणि ज्यांचा कोर्स संपला त्या सगळ्यांना पाठवा, ज्यांना गुण आला नाही त्यांनाही. समजा, महिन्याला वीस जणांचा कोर्स संपतो. वीस जणांना विचारलंत तर चार-पाच लिहितील. वर्षात पन्नास होतात, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शब्दांत, आणि त्यात दोन तीन-स्टारवाले असतील. असू द्या की! सगळे पाचच्या पाच बघितले की लोक तुमच्यापेक्षा जास्त हुशार असल्यामुळे पुढच्या क्लिनिकला फोन करतात. जुन्या तीनशे रुग्णांना एका रात्रीत ब्रॉडकास्ट मात्र करू नका, ते वरच्या टॅबचंच भावंड.

तुमच्याकडे येणाऱ्याला चालता येत नाही म्हणून तो येतो, हे एवढं तरी लक्षात ठेवा! "एडिट प्रोफाइल"मध्ये जाऊन पिन बोटाने धरून दाराच्या समोर आणा, सोसायटीच्या मागच्या भिंतीवर नको. पत्त्यात मजला लिहा. लिफ्ट नसेल तर माहितीत स्पष्ट लिहा, त्या मजकुराला साडेसातशे अक्षरं दिली आहेत, त्यात "कटिबद्ध" आणि "अत्याधुनिक" सोडून दुसरं काही बसवा. रस्त्यावरून दार कसं दिसतं त्याचा दिवसा काढलेला फोटो टाका. तुमचा सत्कार होतानाचा नको. वेळ दोन भागांत भरता येते, ९ ते १ आणि ५ ते ९, तशी भरा. आणि दिवाळीत चार दिवस बंद असाल तर "स्पेशल अवर्स"मध्ये आजच टाका. वॉकर घेऊन रिक्षाने आलेल्या माणसाला तुमच्या शटरचं कुलूप बघायला लावायचा तुम्हाला काही अधिकार नाही.