टँक सर्किट वीज बनवत नाही आणि त्याचा इम्पिडन्स अनंतही नसतो

"जुन्या ट्यूबलाइटचा चोक घ्या, त्याला समांतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. ५० हर्ट्झला रेझोनन्स होतो, इम्पिडन्स अनंत होतो, मीटरमधून करंट जवळजवळ शून्य येतो. पण आत आठपट करंट फिरत राहतो! त्यावर एलईडी लावा, घर फुकटात उजळवा. फ्रिक्वेन्सीचं सूत्र 1/(2π√(LC)), कॉइलच्या रेझिस्टन्सचा काही संबंध नाही. बिल निम्मं होतं. टेस्लाने हे शोधलं होतं, कंपन्यांनी दाबलं. पुढे पाठवा."

पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला असलेल्या भाच्याने हा मेसेज मला पाठवला, आणि खाली विचारलं, "मामा, मोटरचा कपॅसिटर चालेल ना? दुकानातून आणलाय." म्हणून हे लिहितोय. कॉइल आणि कपॅसिटरच्या अशा समांतर जोडीला टँक सर्किट म्हणतात. नुसतं "खोटं आहे" म्हणून भागलं असतं तर एका ओळीत उत्तर दिलं असतं. पण यात थोडं खरं मिसळलेलं आहे आणि मुलं फसतात ती त्या खऱ्या भागामुळेच.

आधी आठपट करंटचं पाहू, कारण सगळा खेळ त्यावर आहे. चोकचा इंडक्टन्स १ हेन्री आणि तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स ४० ओहम धरू. लोखंडी गाभ्याचं नाटक तूर्तास बाजूला ठेवतो. ५० हर्ट्झला कॉइलचा रिॲक्टन्स ३१४ ओहम, रेझिस्टन्स धरून एकूण ३१७ ओहम. २३० व्होल्टला कॉइलमधून ०.७३ अँपिअर करंट जातो. आता ९.९७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडला की तो ०.७२ अँपिअर घेतो, पण उलट्या फेजने. कॉइलचा मागे पडणारा करंट आणि कपॅसिटरचा पुढे धावणारा करंट एकमेकांना काटतात आणि लाईनमधून फक्त ०.०९२ अँपिअर येतो. अशा प्रयोगांच्या व्हिडिओत क्लॅम्प मीटर लावून ०.७३ वरून ०.०९ वर आकडा पडताना दाखवतात, तो पडतोच. त्यात हातचलाखी नाही.

हातचलाखी पुढे आहे. २३० व्होल्ट गुणिले ०.७२ अँपिअर म्हणजे १६६, आणि त्याला ते बिनधास्त "१६६ वॅट" म्हणतात. तो आकडा व्होल्ट-अँपिअरचा आहे, वॅटचा नाही. कॉइल पाव आवर्तनात ऊर्जा साठवते, पुढच्या पाव आवर्तनात तीच कपॅसिटरला परत देते. दोन भाऊ शंभराची एकच नोट दिवसभर एकमेकांना देत राहिले तर उलाढाल हजारोंची दिसेल, पण घरात पैसे शंभरच. इथली नोट किती मोठी तेही काढता येतं. कॉइलमधला करंट शिखरावर १.०३ अँपिअर असतो, म्हणजे साठलेली ऊर्जा साधारण अर्धा जूल. नऊ वॅटचा बल्ब ती एका सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या भागात संपवतो.

आणि खरे वॅट? कपॅसिटर नसताना कॉइलमध्ये ०.७३ चा वर्ग गुणिले ४०, म्हणजे २१ वॅट उष्णतेत जात होते. कपॅसिटर जोडल्यावर कॉइलच्या टोकांना तेच २३० व्होल्ट आहेत, तिच्यातला करंट तोच आहे, म्हणून तेच २१ वॅट जातात. लाईनकडून मोजलं तरी २३० गुणिले ०.०९२, पुन्हा २१. घरगुती मीटर युनिट मोजतं, म्हणजे वॅट आणि तास. त्याला हा बदल दिसतसुद्धा नाही. आता या टँकला समांतर नऊ वॅटचा साधा रेझिस्टिव्ह भार लावून पाहा. लाईनचा करंट ०.०९२ वरून ०.१३१ अँपिअर होतो आणि मीटरवर ३० वॅट दिसतात. एकवीस अधिक नऊ. फुकट काही नाही, उलट बल्ब नुसता लावला असता तर नऊच लागले असते. शिवाय ट्यूबचा चोक साधारण ०.४३ अँपिअरसाठी बनवलेला असतो. ०.७३ वर तो जवळजवळ तिप्पट तापतो, वार्निश जळल्याचा वास येतो आणि गाभा संपृक्त झाला तर करंट याहूनही वाढतो.

मला खरी भीती मात्र वेगळीच आहे. मेसेजसोबतच्या चित्रात एक वायर अशी काढली आहे की नवखा माणूस कपॅसिटर समांतर न जोडता कॉइलच्या रांगेत, म्हणजे सिरीजमध्ये जोडेल. तेव्हा रेझोनन्स उलटा वागतो. दोन्ही रिॲक्टन्स एकमेकांना खातात आणि वाटेत उरतो तो जेमतेम ४० ओहमचा रेझिस्टन्स. हिशेबाने करंट ५.७ अँपिअर आणि कपॅसिटरच्या टोकांना सुमारे १८०० व्होल्ट. गाभा संपृक्त होतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी येईल हे मान्य. पण मोटरच्या कपॅसिटरवर ४४० व्होल्ट छापलेले असतात आणि ते ओलांडायला फार काही लागत नाही. फुगतो, तडकतो, कधी फुटतो. भाच्याला मी तो कपॅसिटर दुकानात परत द्यायला लावला.

आता "अनंत इम्पिडन्स" आणि "रेझिस्टन्सचा संबंध नाही" ही जोडगोळी. ही चूक फक्त मेसेजवाल्यांची नाही, परीक्षेत पाठ केलेल्या सूत्रातूनही येते. आदर्श कॉइल, म्हणजे तिचा रेझिस्टन्स r शून्य, असं धरलं तरच समांतर टँकचा इम्पिडन्स अनंत होतो. खऱ्या कॉइलला तार असते आणि तारेला रेझिस्टन्स. सर्किटचं कुठलंही धड पुस्तक उघडा, समांतर रेझोनन्सच्या प्रकरणात ही दोन सूत्रं मिळतील:

f = (1/2π) √(1/(LC) − r²/L²)

Zd = L/(C·r)

दुसरं म्हणजे डायनॅमिक इम्पिडन्स. r छेदात आहे, त्यामुळे कॉइल जितकी चांगली तितका टँक लाईनला जास्त अडवतो. आपल्या चोकला हे लावा: १ भागिले (९.९७ मायक्रोफॅरड गुणिले ४०), म्हणजे सुमारे २५०० ओहम. अनंत कुठे आणि अडीच हजार कुठे! आणि हा इम्पिडन्स पूर्ण रेझिस्टिव्ह असतो, म्हणूनच वरचे २१ वॅट सरळ गुणाकाराने आले.

फ्रिक्वेन्सी का घसरते तेही समजून घेण्यासारखं आहे. रेझिस्टन्समुळे कॉइलचा करंट व्होल्टेजच्या पूर्ण ९० अंश मागे राहत नाही. त्यातला काटण्याजोगा भाग आदर्श कॉइलपेक्षा कमी भरतो. म्हणजे 1/(2π√(LC)) या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटरचा करंट जास्तीचा ठरतो आणि टँक किंचित कपॅसिटिव्ह वागतो. जुळवायचं तर फ्रिक्वेन्सी खाली आणावी लागते: कपॅसिटरचा करंट घटतो, कॉइलचा वाढतो आणि एका जागी दोघे बरोबर होतात.

हे २३० व्होल्टवर करायची गरज नाही. कॉलेजच्या सिग्नल जनरेटरवर काही व्होल्टमध्ये दिसतं. १० मिलिहेन्रीची कॉइल, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि कॉइलचा रेझिस्टन्स १०० ओहम घ्या (कमी असेल तर तिच्या रांगेत बाहेरून घाला). मेसेजच्या सूत्राने उत्तर ५०३३ हर्ट्झ. वरच्या सूत्राने 1/(LC) येतं १०० कोटी, r²/L² येतं १० कोटी, उरले ९० कोटी, त्याचं वर्गमूळ सेकंदाला ३०,००० रेडियन, म्हणजे ४७७५ हर्ट्झ. फरक पाच टक्क्यांचा आहे, ऑसिलोस्कोपवर सहज दिसतो. डायनॅमिक इम्पिडन्स बरोबर १००० ओहम.

इथे प्रयोगशाळेत हमखास भांडण होतं. जनरेटर आणि टँक यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर घालून टँकवरचं व्होल्टेज मोजलं, तर ते सर्वात जास्त ४७७५ ला येत नाही, ५०४० च्या आसपास येतं. मुलं म्हणतात सूत्र चुकलं. चुकलेलं नाही. रेझिस्टन्स मोठा असेल तेव्हा इम्पिडन्स सर्वात जास्त असण्याची फ्रिक्वेन्सी आणि करंट-व्होल्टेज एका फेजमध्ये येण्याची फ्रिक्वेन्सी वेगळ्या पडतात. इथे कमाल इम्पिडन्स १०४९ ओहम आहे, फेज जुळते तिथला १०००. वरची दोन्ही सूत्रं फेज जुळण्याच्या व्याख्येची आहेत, म्हणून ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनलवर जनरेटर आणि टँकचे तरंग एकाच वेळी शून्य ओलांडतात का ते बघायचं. त्या जागी टँकवर जनरेटरच्या व्होल्टेजचा अकरावा भाग मिळाला पाहिजे. आणि कॉइलचा रेझिस्टन्स √(L/C) च्या, म्हणजे इथे ३१६ ओहमच्या वर गेला, तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. मग कितीही बटण फिरवा, फेज जुळत नाही. रेझिस्टन्सचा संबंध नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं.

एवढं मात्र नाइलाजाने मान्य करतो की कॉइल चांगली असेल तर साधं सूत्र चालतं. याच टँकमध्ये रेझिस्टन्स १०० ऐवजी १० ओहम असेल तर फरक अडीच हर्ट्झ पडतो आणि कोणी त्याची फिकीर करत नाही. रेडिओच्या ट्यूनिंगमध्ये सगळे साधंच सूत्र वापरतात. पण फ्रिक्वेन्सीत विसरलेला r इम्पिडन्समध्ये विसरता येत नाही: १० ओहमला Zd होतो १० किलोओहम, १०० ला १ किलोओहम. रेडिओ किती स्टेशनं वेगळी पाडू शकतो ते यावरच ठरतं.

बिल निम्मं होण्याबद्दल फार बोलायला नको. लाईनचा करंट घटला की घरातल्या वायरिंगमधली उष्णता घटते, हे खरं. वायरिंगचा रेझिस्टन्स १ ओहम धरला तर वरच्या उदाहरणात बचत अर्ध्या वॅटची. कारखान्यांच्या बिलात पॉवर फॅक्टर धरला जातो, म्हणून तिथे कपॅसिटर बँक लावतात, आणि ती योग्यच आहे. तुमच्या घरच्या मीटरला त्याचं सोयरसुतक नाही. टेस्लाच्या कॉइलमध्ये टँक सर्किट होतं आणि त्याला वीज बाहेरूनच पुरवावी लागत होती. पुढे.

भाच्याला आता उरलेलं काम दिलं आहे. कॉइलचा रेझिस्टन्स मल्टीमीटरने मोजायचा आणि मग टँकवरून उलटा काढायचा: r = L/(C·Zd). मल्टीमीटर १०० ओहम दाखवत असेल आणि फेज जुळते तिथे Zd १००० ऐवजी ९०० आला, तर टँकच्या लेखी r १११ ओहम आहे. वरचे ११ ओहम गाभ्यातल्या आणि तारेतल्या एसी नुकसानीचे. डीसीवर चालणाऱ्या मल्टीमीटरला ते कधीच दिसत नाहीत.